तेरड्याचं बोंड फुटतं, पण बी तर पायाशीच पडतं. मग हे रोप लांब पोचतं कसं?

सांजवारा

पिकलेल्या तेरड्याच्या बोंडाला बोट लावलं की ते फटकन फुटतं, हे बहुतेकांनी लहानपणीच पाहिलेलं असतं. मी ते फोनच्या स्लो मोशनवर टिपलं, सेकंदाला २४० चित्रं या वेगाने. एका चित्रात बोंड अखंड आहे आणि अगदी पुढच्या चित्रात पाच झडपा आत गुंडाळल्या गेल्यात, बिया चौकटीबाहेर. मधलं काहीच हाती लागत नाही.

नंतर कुंडीखाली पांढरी चादर अंथरली, कुंडी मधोमध ठेवली आणि बोंडं आपोआप फुटू दिली. बिया सापडल्या त्या सगळ्या हाताच्या अंतरावर, काही तर कुंडीतच. एवढा स्फोट, आणि पल्ला एवढाच? पुस्तकांत 'स्फोटाने बीजप्रसार' असं वाऱ्याच्या आणि पाण्याच्या बरोबरीने लिहिलेलं असतं. हातभर अंतराला प्रसार म्हणायचं का? आणि हे रोप खरोखर लांब जात असेल, तर त्याला तिथवर नेतं कोण?

---

बागवेडी

माझ्याकडेही हाच त्रास आहे! अर्ध्या बिया उडून जातात आणि पुढच्या वेळी नको तिथे उगवतात. यावर उपाय म्हणजे बोंड हिरवं असतानाच तोडून घरात वाळवायचं. पण तसं केलं की बिया चिमतात. कुणी नीट पद्धत सांगेल का?

---

माळरान

सांजवारा, कारण सोपं आहे. ऊन लागलं की फळाची साल वाळते, आकसते, ताण वाढत जातो आणि शेवटी ती उलते. कांचनाच्या शेंगा भर दुपारी कशा तडतडतात ते ऐका. तुम्ही ढगाळ हवेत किंवा सावलीत प्रयोग केला असणार, म्हणून जोर कमी पडला. कडक उन्हात करून बघा, बी दुप्पट लांब जाईल.

---

बीजांकुर

माळरान, कांचनाबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. तेरड्याचं मात्र नेमकं उलट असतं.

कांचनाच्या शेंगेच्या प्रत्येक फाकेत तंतूंचे दोन थर असतात आणि त्यांची दिशा एकमेकांना छेद देणारी असते. वाळताना प्रत्येक थर आपापल्या दिशेने आकसतो, त्यामुळे फाकेला सरळ राहता येत नाही, तिला पीळ पडायला लागतो. दोन्ही फाका एकमेकींना चिकटलेल्या असतात तोवर हा पीळ दाबून ठेवला जातो. सांधा सुटला की दोन्ही फाका झटक्यात उलटसुलट मुरडतात आणि बिया फेकल्या जातात. फुटून गेलेली शेंग उचलून बघा, ती कायमची पिळलेली दिसेल. तिथे खरोखर ऊन आणि कोरडी हवा लागते.

तेरड्याचं बोंड मात्र जिवंत, रसरशीत असतानाच फुटतं. त्याच्या झडपांच्या पेशींत पाणी ठासून भरलेलं असतं आणि त्या पाण्याच्या दाबाने झडप ताणलेली असते. म्हणजे इथे ताण पाणी भरल्यामुळे येतो, आटल्यामुळे नाही. पडताळून पाहायचं असेल तर बोंडं लागलेली एक फांदी तोडून पाण्याविना ठेवा आणि दुसरी पाण्यात उभी करा. पहिलीची बोंडं मलूल झाली की त्यांना बोट लावा. झडपा सुटतील, पण त्यांत जीव नसेल. म्हणजे कडक उन्हात कोमेजलेल्या रोपाचं बी लांब नाही, उलट आणखी जवळ पडेल.

बागवेडी, तुमच्या बिया का चिमतात याचं उत्तरही यातच थोडंफार आहे. हिरव्या बोंडातलं बी अजून भरत असतं. बोंड तोडू नका. ते फुगलं, त्याचा हिरवा रंग फिका पडला आणि आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून दिसायला लागले, की त्यावर पातळ कापडाची सैल पिशवी चढवा आणि तोंड देठाशी बांधा. पिकलं की ते पिशवीतच फुटेल. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत वाफ धरून बुरशी येते.

---

सांजवारा

छान, फांदीचा प्रयोग करतो. पण माझा मूळ प्रश्न पल्ल्याचा आहे. पाणी भरलेलं आहे, ताण आहे, तरी बी हातभरच का जातं?

---

बीजांकुर

तुम्हाला मधलं चित्र का मिळालं नाही, तिथून सुरुवात करू. उत्तर अमेरिकेत ओढ्याकाठी नारिंगी फुलांचा एक तेरडा वाढतो. त्याच्या बोंडाची यांत्रिक मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली. बोंड फुटायला सरासरी ४.२ मिलिसेकंद लागतात. तुमच्या फोनच्या दोन चित्रांमधलं अंतरही जवळपास तेवढंच आहे, १ भागिले २४० म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. तुमचा तेरडा वेगळ्या जातीचा आहे, पण वेळ याच्या आसपास असेल तर संपूर्ण स्फोट दोन चित्रांच्या फटीत मावतो. फोनमध्ये सेकंदाला ९६० चित्रांची सोय असेल तर चारेक चित्रं मिळतील.

आता जोराचं बघू. त्याच मोजणीत असं दिसलं की झडपा साठवतात ती ऊर्जा वजनाच्या हिशेबात स्प्रिंगच्या पोलादाच्या तोडीची आहे. म्हणजे यंत्र दुबळं नाही. पण त्या ऊर्जेतला जेमतेम अर्धा टक्का बियांना मिळतो. अर्धा हिस्सा नव्हे, शंभरातला अर्धा. उरलेली सगळी झडपांच्या स्वतःच्या गुंडाळण्यात जाते. झडप आत वळताना वाटेत आलेल्या बीला धक्का देते, एवढाच त्यांचा संबंध. काही बियांना चांगला फटका बसतो, काहींना नुसता ओझरता. चादरीवर बिया कशाही विखुरलेल्या दिसतात त्या यामुळे.

---

शून्यमंडळ

इथे माझ्या आवडीचा विषय आला. फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते ती ४५ अंशांच्या कोनात. झाड त्या कोनात फेकतं का? नसेल, तर पल्ला कमी पडण्याचं खरं कारण तेच असणार.

---

बीजांकुर

त्या नारिंगी तेरड्याचा सरासरी कोन १७ अंशांच्या आसपास भरला. आणि त्याच्यासाठी तोच कोन योग्य आहे.

४५ अंशांचा नियम फेकणारा आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असतील तेव्हाचा. बोंड जमिनीपासून वर असतं. धरा की बी १ मीटर उंचीवरून सेकंदाला सव्वा मीटर वेगाने सुटलं. एवढ्या कमी वेगाने वर फेकून फारसं काही साधत नाही, कारण १ मीटर खाली पडायला लागतो त्याहून फार जास्त वेळ हवेत मिळत नाही. त्यापेक्षा वेग आडवा वापरलेला बरा. हवेचा अडथळा सोडून गणित केलं तर ४५ अंशांना बी ४९ सेंटिमीटरवर पडतं आणि १५ अंशांना ५९ सेंटिमीटरवर. या उंचीला आणि या वेगाला सर्वांत लांबचा कोन १५ अंशांच्या जवळपासच येतो. तेव्हा शून्यमंडळ, नेम चुकलेला नाही. वेगच कमी आहे.

---

शून्यमंडळ

गणित करून पाहिलं, जुळतं. मग वेग का वाढला नाही? उंची बाजूला ठेवली तर वेग दुप्पट झाल्यावर पल्ला चौपट व्हायला हवा. थोड्या जादा ताणात एवढा फायदा असताना झाडं इथेच का थांबली?

---

बीजांकुर

कागदावर चौपट. हवेत नाही. बी जितकं लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि हवा त्याला लवकर थोपवते. अमेरिकेतली रुएलिया नावाची एक वनस्पती बघा. तिच्या शेंगा २०१८ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या गेल्या. बी सेकंदाला १५ मीटरपर्यंत वेगाने सुटतं. हवा नसती तर ते २३ मीटर गेलं असतं, प्रत्यक्षात जातं सातेक मीटर. आणि तेवढं जाण्यासाठीसुद्धा त्या बीने एक मोठी सोय केलेली आहे. ते पातळ चकतीसारखं असतं आणि सुटताना स्वतःभोवती उलट्या दिशेने, सेकंदाला सोळाशेच्या घरात, फिरतं. या फिरण्यामुळे चकती कडेवर स्थिर राहते आणि हवा कापत जाते. ज्या बियांना ही फिरकी नीट मिळत नाही त्या गटांगळ्या खात अलीकडेच पडतात.

याच वाटेने सर्वांत लांब पोचलेला नमुना म्हणजे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला हुरा हा वृक्ष. त्याचं भोपळ्याच्या आकाराचं, पण मुठीत मावेल एवढं फळ वाळून मोठ्या आवाजाने फुटतं आणि बी ४० मीटरच्या पलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. तिथे बी मोठं आणि चपटं असतं, शिवाय फळ लागतं झाडावर उंच. वर्षभरात उगवून मरणाऱ्या रसाळ रोपाला असलं लाकडी फळ परवडणार नाही.

---

म्हातारीमागे

मग तेरड्याने रुईसारखी म्हातारी का केली नाही? वाऱ्यावर सोडलं की किलोमीटरभर. स्फोटाची भानगडच नको.

---

बीजांकुर

म्हातारी किलोमीटरभर जाऊ शकते, पण बहुतेक म्हाताऱ्या जात नाहीत. हिशेब साधा आहे. केसाळ बी सेकंदाला ३०-४० सेंटिमीटर या वेगाने खाली येतं. रोप फूटभर उंच असेल तर सेकंदाभरात ते जमिनीवर. तेवढ्या वेळात सेकंदाला दोन मीटरची झुळूक त्याला दोन मीटर नेणार, आणि गवतात जमिनीलगत वारा त्याहूनही मंद असतो. लांब जातात त्या मोजक्या म्हाताऱ्या, ज्यांना तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा सापडते. ती हवा बीच्या पडण्यापेक्षा जास्त वेगाने चढत असेल तर बी खाली येतच नाही. रुई उंच असते आणि उघड्या जागी वाढते, म्हणून तिला हे जमतं. तेरडा दाट ओलसर सावलीत वाढतो. तिथे वारा पोचतच नाही.

शिवाय केसांना वजनाची मर्यादा असते. तेरड्याचं बी भरीव आहे. त्यातला साठा रोपाला सुरुवातीला भराभर उंच व्हायला लागतो, कारण त्याला गर्दीत उगवायचं असतं. ते वजन कमी केलं तर उडेल, पण उगवल्यावर शेजाऱ्यांच्या सावलीत दबून जाईल.

---

सांजवारा

एका ठिकाणी वाचलं की तेरड्याचं बी सात मीटर जातं. इथे तर आपण अर्ध्या मीटरवर आहोत. यात खरं काय?

---

बीजांकुर

दोन्ही. सात मीटर सांगतात ते हिमालयात मूळ असलेल्या उंच तेरड्याबद्दल. आपण कुंडीत लावतो तो हा नव्हे. ते रोप दोन मीटरच्या वर जातं, त्याची बोंडंही जोरकस असतात. पण सात मीटर हा त्याचा कमाल पल्ला, सर्वसाधारण नव्हे. दोन मीटर उंचीवरून सात मीटर जायला हवा नसतानासुद्धा सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेग लागतो. हवा धरली तर आणखी जास्त.

तुमच्या मूळ प्रश्नासाठी हेच रोप सर्वांत उपयोगाचं आहे, कारण ते कुठून आणि कधी निघालं याची नोंद आहे. हिमालयातून त्याचं बी १८३९ साली लंडनजवळच्या क्यू बागेत आणलं गेलं. फुलं देखणी म्हणून ते बागांमधून लावलं गेलं आणि काही वर्षांतच बागेबाहेर दिसू लागलं. आता गणित करू. हे एका वर्षाचं रोप आहे. उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि मरतं. म्हणजे वर्षाला एकच उडी. १८३९ पासून २०२५ पर्यंत १८६ वर्षं झाली. दर वर्षी सर्वांत लांब पडलेलंच बी जगलं आणि त्याने पुन्हा त्याच दिशेला सात मीटरची उडी मारली, असं अगदी उदारपणे धरलं, तरी १८६ गुणिले ७ म्हणजे १३०२ मीटर. सव्वा किलोमीटरच्या थोडं पुढे.

प्रत्यक्षात ते रोप ब्रिटनभर नद्यांच्या काठाने माजलं आहे, युरोपच्या मोठ्या भागातही पसरलं आहे. तेव्हा स्फोटाने ते तिथे नेलेलं नाही, एवढं या एका गुणाकारातून पक्कं होतं.

---

काठावरचा

आत्ता बोलायला हरकत नाही. आम्ही काही जण एका ओढ्याकाठचा हाच उंच तेरडा उपटायला जायचो, त्यामुळे तो कसा प्रवास करतो ते हातांनी पाहिलं आहे.

बहुतेकांना वाटतं की बी पाण्यावर तरंगत जात असेल. ताजं बी बुडतं. बादलीत टाकून बघा. पण बुडालं म्हणजे थांबलं असं नाही. प्रवाह जोरात असतो तेव्हा तळाची वाळू आणि गाळ सरकत असतो, त्याच्यासोबत बीही घरंगळत जातं. पूर ओसरताना पाणी जिथे मंदावतं, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला किंवा पडलेल्या झाडामागे, तिथे तो गाळ बसतो. पुढच्या वसंतात नेमक्या त्याच ठिकाणी रोपांचा गालिचा उगवतो. ओल्या ताज्या गाळात दुसरं काहीच उगवलेलं नसतं, म्हणजे जागाही मोकळी मिळते. थंडीत काही आठवडे ओलं राहिल्याशिवाय हे बी रुजत नाही, आणि ती अटही गाळातच पुरी होते.

बोंडाची कामगिरी मला इथे दिसते. रोप काठावर उभं असतं, पाण्यापासून दोन-तीन मीटर आत. बी नुसतं खाली पडलं तर काठावरच राहील. बोंडाने दोन मीटर फेकलं की ते पाण्यात पडतं. पुढचे कित्येक किलोमीटर पाणी नेतं.

यामुळे उपटण्याचा एक नियम ठरून जातो. सुरुवात वरच्या अंगाने करायची, उगमाकडून. खालचा काठ कितीही स्वच्छ करा, वर चार रोपं राहिली की पुढच्या पुरात बी हजर. आणि काम बोंडं पिकायच्या आत संपवायचं, कारण पिकलेल्या बोंडांत हात घातला की आपणच बी पेरत चालतो. त्यात समाधानाची गोष्ट ही की मुळं उथळ असतात, रोप सहज येतं, आणि जमिनीत पडलेलं बी बहुतेक दीड-दोन वर्षांत संपतं. म्हणजे काम लागोपाठ काही हंगाम चिकाटीने केलं तर काठ खरोखर मोकळा होतो.

---

म्हातारीमागे

पाणी फक्त खालीच नेतं ना? मग ओढ्याच्या वरच्या अंगाला, किंवा शेजारच्या दुसऱ्याच नदीला हे कसं पोचलं?

---

काठावरचा

माणूस. बागेसाठी बियांची देवाणघेवाण झाली, मधमाश्यांना भरपूर मध मिळतो म्हणून मुद्दाम पेरलं गेलं, मातीच्या भरावातून गेलं. बुटांच्या तळव्यात अडकलेला चिखल तर विसरूच नका. म्हणून उपटून परत निघताना बूट ओढ्यावरच खरवडायचे असा आमचा दंडक होता.

---

माळरान

मग एरंडाचं काय? त्याचं बोंड तर वाळूनच फुटतं, काठावरही नसतं, आणि बी मीटर-दोन मीटरपेक्षा बरंच लांब उडतं. तिथे पाणी कुठे आलं?

---

बीजांकुर

एरंड चांगला आठवला. तुमचं कोरड्या उन्हाचं तत्त्व तिथे चपखल बसतं. आणि तिथेही स्फोट ही पहिलीच मजल असते. एरंडाच्या बीच्या टोकाला पांढुरकी मऊ गाठ असते, ती बघितली असेलच. ती तेलकट असते आणि मुंग्यांना हवी असते. मुंगी बी ओढून वारुळात नेते, गाठ खाऊन टाकते आणि कडक बी तसंच टाकून देते. व्हायोलेटच्या बऱ्याच जातींतही हेच चालतं. फळाच्या फाका वाळून बियांना चिमटीत धरतात आणि बी निसटून उडतं, मग उरलेलं मुंग्या करतात.

मुंगी अंतर फार कापत नाही, बहुधा मीटर-दोन मीटर. तिचा फायदा दुसरा आहे. बी जमिनीवर उघडं राहिलं तर उंदीर आणि पाखरं ते फोडून खातात. वारुळात गेलं की ते लपतं, आणि टाकून दिलेल्या कचऱ्यात माती बरी असते.

---

शून्यमंडळ

सांजवारा, तुमच्या चादरीबद्दल एक शंका. चादर किती मोठी होती? दोन मीटर लांबरुंद आणि कुंडी मध्ये असेल, तर कडेपर्यंत अंतर एकच मीटर. त्यापुढे गेलेलं बी तुमच्या मोजणीत आलंच नाही. 'सगळ्या बिया हाताच्या अंतरावर' याचा अर्थ 'सापडलेल्या सगळ्या' एवढाच होतो.

नुसती मोठी चादर घेऊनही फसगत होते. लांबवर मोजण्यासाठी आपण ट्रे ठेवतो. धरा, मीटरभर रुंदीचा एक ट्रे रोपापासून १ मीटरवर आणि तसाच दुसरा ५ मीटरवर. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर ६.२८ मीटर, म्हणजे पहिला ट्रे घेराचा साधारण सहावा हिस्सा अडवतो. ५ मीटरवर घेर ३१.४, तिथे दुसरा ट्रे एकतिसावा हिस्सा. जवळच्या ट्रेत पाच बिया आणि लांबच्या ट्रेत एक पडली तर बघणारा म्हणेल की लांब फारच कमी गेल्या. घेराने गुणलं तर दोन्हीकडे साधारण ३१ बिया होतात, सारख्याच! लांबची बी आपल्याला दिसत नाही याचं एक कारण असं की ती फार मोठ्या जागेत विरळ पसरलेली असते.

---

सांजवारा

चादर साधारण तेवढीच होती. या वेळी कुंडी उघड्या जागी ठेवून लांबपर्यंत ट्रे मांडतो. फरशीवर बी उसळून घरंगळतं हेही दिसलं होतं, त्याचं काय करू?

---

शून्यमंडळ

ट्रेत ओल्या वाळूचा थर द्या, बी पडेल तिथेच रुतेल. आणि बोंडांना बोट लावू नका. बोटाने फोडलेलं बोंड एक तर अर्धवट पिकलेलं असतं, नाही तर बोटच बियांची वाट अडवतं.

---

बीजांकुर

शून्यमंडळांनी घेराचा मुद्दा काढला ते फार बरं झालं. तरी मला अजून असं वाटतं की बोंडाचं काम लांब नेण्याचं नाहीच. आईच्या थेट पायाखालून बी बाहेर काढणं एवढंच ते काम. शेकडो बिया एकाच जागी पडल्या तर एकमेकींना दाबून मारतात, आणि तिथे आईला लागलेला रोगही असतो. अर्धा मीटर बाजूला सरकणं त्यासाठी पुरतं. त्या २००९च्या अभ्यासातही अर्ध्या टक्क्याच्या कमी कार्यक्षमतेचा संबंध याच शक्यतेशी जोडला आहे, की पुढचा प्रवास पाणी करत असल्याने स्फोटाला फार कार्यक्षम असण्याची गरज नसावी.

---

काठावरचा

मला हे पूर्ण पटत नाही. काठावर उभ्या रोपाला अर्धा मीटर आणि दोन मीटर यांत जमीन-पाण्याचा फरक पडतो. बहुतेक बिया जवळ पडू देत, पण जी थोडी पाण्यात पोचतात त्यांच्यामुळेच खालची सगळी वस्ती उभी राहते. निवड त्या थोड्यांच्या बाजूने होणार नाही का? तसं असेल तर 'पायाखालून बाहेर' एवढ्यावर भागत नाही.

---

बीजांकुर

तसं असेल तर काठावरच्या रोपांची बोंडं काठापासून दूर, रानात वाढलेल्यांपेक्षा जोरकस निघायला हवीत. एकाच जातीत असा फरक कुणी मोजलाय का, माझ्या पाहण्यात नाही. शिवाय काठावरच्या रोपाला पाणी भरपूर मिळतं, त्यामुळे त्याच्या झडपा तशाही जास्त फुगलेल्या असणार. वंशाने आलेला जोर आणि पाण्याने आलेला जोर वेगळे करायचे तर दोन्हीकडचं बी एकाच मातीत, सारखं पाणी घालून वाढवावं लागेल.

---

बागवेडी

कापडाची पिशवी बांधली, आतल्या आत टपटप वाजतंय! एक विचारायचं राहिलं. पिशवीत पडलेलं बी लगेच काढायचं की राहू द्यायचं?

---

काठावरचा

एकदोन दिवसांत काढा आणि सावलीत पसरून सुकवा. पाऊस आला तर पिशवी भिजते आणि बी आतच कुजतं.